'सु. १९१२' म्हणजे नक्की काय? रस्त्याच्या एका अनोळखी फोटोच्या लेबलबद्दल

मागच्या हिवाळ्यात एका संग्रहालयात रस्त्याच्या एका जुन्या फोटोसमोर मी बराच वेळ उभी होते. खाली लेबल एवढंच होतं: 'रस्त्यावरील दृश्य, सु. १९००. छायाचित्रकार अज्ञात.' सोबतच्या मैत्रिणीने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकताना लिहिलं, '१९०० सालचा रस्ता'. 'सु.' वाटेतच गळून पडला होता.

चूक मैत्रिणीची नाही. मी भौतिकशास्त्राची. आमच्याकडे मोजलेल्या आकड्यापुढे ± नसेल तर गाईड वही परत करतात. 'सु.' हा तसाच ±, फक्त त्याच्यापुढचा आकडा कुणी लिहिलेला नाही. पाच वर्षं इकडेतिकडे की तीस? आणि हा अंदाज कशावरून केला, कपड्यांवरून, कागदावरून की नुसत्या नजरेने? 'अज्ञात' या शब्दाचंही तेच. नाव कधी नोंदवलंच गेलं नाही, नोंदवलं होतं पण हरवलं, किंवा अजून कुणी शोधलंच नाही, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लेबलने तिन्हींवर एकच झाकण ठेवलं.

त्या फोटोबद्दल मला याहून जास्त काही कळायला मार्ग नव्हता. म्हणून हा मुद्दा मी दुसऱ्या एका संचावर करून बघते. त्यात काय माहीत आहे आणि काय नाही हे बऱ्यापैकी उघड आहे.

बुटाचं खोकं

स्कॉटलंडमधल्या प्राचीन आणि ऐतिहासिक वास्तूंची नोंद त्या वेळी ठेवणाऱ्या रॉयल कमिशनकडे, एडिनबरोला, बुटाच्या एका खोक्यात काचेच्या १७८ निगेटिव्ह सापडल्या. २०१२ मध्ये त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. प्लेटा 'द स्टेट्समन'च्या १९१४ सालच्या अंकांच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. चित्रं बहुतेक कलकत्त्याची: घाट, माणसं, रस्ते, आणि बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भेटीसाठी सजवलेलं शहर. खोकं संग्रहात आलं कसं, हे खात्रीने सांगता येत नाही, असं संस्थेनेच तेव्हा मोकळेपणाने सांगितलं. फोटोग्राफरचं नावही तेव्हा माहीत नव्हतं.

आता समजा, या खोक्यातली रस्त्याची एक प्लेट भिंतीवर लावायची आहे. सवयीने लेबल तयार होईल: 'कलकत्त्यातील रस्ता, सु. १९१२. छायाचित्रकार अज्ञात.' हे लेबल तपासू. प्लेट मी उदाहरणासाठी कल्पून घेतेय: एक रस्ता, वर ट्रामची तार, मधोमध उभा एक माणूस, त्याच्या बाजूला पडलेली त्याची सावली. खोक्याबद्दलच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

१९१२ आलं कुठून?

दोन ठिकाणांहून. पहिलं, वर्तमानपत्र. पण कागदावरची तारीख गुंडाळण्याबद्दल बोलते, फोटो काढण्याबद्दल नाही. तेही एकाच बाजूने: १९१४ च्या त्या अंकाच्या आधी त्या कागदात काही गुंडाळलेलं असू शकत नाही. नंतर कधीही असू शकतं. आपल्या घरी पितळेची भांडी ज्या पेपरात बांधून माळ्यावर टाकलेली असतात तो पेपर भांड्यांचं वय सांगत नाही, आवराआवर कधी झाली तेही जेमतेम सांगतो. तेव्हा 'प्लेटा १९१४ च्या आधीच्या' हे विधानसुद्धा संभाव्य या खान्यात जातं, सिद्ध या खान्यात नाही. रद्दी तर अनेक वर्षांनीही कामाला येते.

दुसरं ठिकाण, राजभेट. बादशहा कलकत्त्यात होते ३० डिसेंबर १९११ ते ८ जानेवारी १९१२. सजावट दिसणाऱ्या प्लेटची तारीख त्यामुळे जवळजवळ दिवसांपर्यंत नेता येते. पण ती तारीख त्या प्लेटची आहे. शेजारच्या प्लेटला ती लागू करायची तर दोघी एकाच माणसाने, एकाच काळात काढल्या हे आधी दाखवावं लागेल. एकाच खोक्यात असणं हा त्याचा पुरावा नाही. खोकं कुणी आणि कधी भरलं हेच माहीत नाही.

म्हणजे आपल्या रस्त्याला १९१२ हे साल शेजाऱ्याकडून उसनं मिळालंय. लेबल वाचून हे कुणालाही कळणार नाही.

फोटो स्वतः काय सांगतो?

आधी डावं-उजवं. काचेची निगेटिव्ह पारदर्शक असते, उलट्या बाजूने स्कॅन केली तर अख्खा रस्ता आरशातला होतो. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं सरळ वाचता येतात का बघायचं. हे न करता जागा ओळखायला बसलात तर योग्य चौक समोर असूनही जुळणार नाही.

मग तार. कलकत्त्यात विजेवरची ट्राम १९०२ मध्ये सुरू झाली, त्याआधी घोडे ओढायचे. ट्रामची तार ओळखू येत असेल तर फोटो १९०२ च्या आधीचा नाही, हे पक्कं. उलटं मात्र चालत नाही. तार दिसत नाही म्हणजे फोटो जुना, असं नाही. त्या रस्त्यावरून ट्राम जातच नसेल, किंवा तार चौकटीबाहेर राहिली असेल.

आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा, सावली. माणसाची उंची आणि त्याच्या सावलीची लांबी यांच्या गुणोत्तरावरून सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते निघतं:

```
tan h = उंची / सावली
```

कलकत्ता साधारण २२.६° उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २३° दक्षिणेला असतो. त्यामुळे भर दुपारीसुद्धा तो जास्तीत जास्त ९० − २२.६ − २३, म्हणजे ४४ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे त्या आठवड्यात कलकत्त्यात कुणाचीही सावली, दिवसाच्या कुठल्याही वेळी, त्याच्या उंचीपेक्षा लहान होत नाही.

आपल्या प्लेटमधल्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्मी आहे असं धरा. मग h येतो ६३°. सूर्य तिथे इतका वर फक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच येतो. फोटो राजभेटीच्या दिवसांतला नाही, विषय संपला.

इथे मापनातली चूक धरायलाच हवी. सावली कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर पडली असेल तर ती चित्रात आखूड दिसते, म्हणून आडवी पडलेलीच सावली निवडायची. रस्ता उताराचा असू शकतो, धोतराच्या घोळात सावलीची सुरुवात नीट सापडत नाही. म्हणून ०.५ ऐवजी ०.७ घेऊन बघितलं. h येतो ५५°. ४४° पेक्षा तो तरीही बराच वर आहे, जानेवारी तरीही बाहेरच. निष्कर्ष चुकीला पुरून उरला, म्हणून मी तो 'माहीत आहे' या खान्यात लिहीन.

सावली लांब असती तर? तर काहीच कळलं नसतं. लांब सावली थंडीच्या दुपारीही पडते आणि मे महिन्यातल्या सकाळीही. हा पुरावा नकार देऊ शकतो, होकार देऊ शकत नाही. आणि सावलीवरून ऋतू कळतो, साल नाही, हेही लक्षात ठेवा. मार्च ते ऑक्टोबर दरवर्षी येतो.

जे नाही त्याचं काय?

लेबलं इथे सगळ्यात जास्त गप्प असतात. आपल्या प्लेटबाबत फोटोग्राफरचं नाव नाही, हे लेबल सांगतं. पण मधोमध उभ्या असलेल्या माणसाचंही नाव नाही, आणि त्याची साधी नोंदही लेबलवर नाही. दोन्ही उणिवा सारख्या नाहीत. फोटोग्राफरचं नाव एखाद्या कागदावर, वहीत, पावतीवर कधीतरी सापडू शकेल. रस्त्यावरच्या माणसाला नाव विचारलंच गेलं असेल असं मानायला काही कारण नाही. पहिली माहिती कदाचित हरवली असेल, दुसरी बहुधा कधी तयारच झाली नाही. बादशहाच्या भेटीची तारीख दिवसांपर्यंत मिळते आणि या माणसाचं आडनावही मिळत नाही, हा फरक त्या काळात कुणाची नोंद ठेवली जायची याबद्दलच काही सांगतो. 'अज्ञात' लिहून तो पुसून टाकणं मला पटत नाही.

मी लिहीन ते लेबल

> रस्ता, बहुधा कलकत्ता. १९०२ नंतर.
> माहीत आहे: काचेची निगेटिव्ह. १९१४ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या १७८ पैकी एक. विजेच्या ट्रामची तार दिसते, म्हणून १९०२ च्या आधीची नाही. सावलीवरून मार्च ते ऑक्टोबर या काळातली.
> अंदाज आहे: शहर कलकत्ता, कारण सोबतच्या बहुतेक प्लेटा तिथल्या आहेत. १९१४ च्या आधीची असावी, पण कागद नंतरही वापरलेला असू शकतो.
> हरवलं आहे: फोटोग्राफरचं नाव, रस्त्याचं नाव, खोकं संग्रहात कसं आलं याची नोंद.
> बहुधा कधीच नोंदवलं गेलं नाही: चित्रातल्या माणसाचं नाव.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लोक लेबलसमोर काही सेकंदच थांबतात, एवढं कोण वाचणार. आक्षेप खरा आहे. म्हणून तर पहिली ओळ छोटी ठेवली आहे. घाईत असलेला माणूस तेवढीच वाचून पुढे जाईल, आणि जे घेऊन जाईल ते निदान चूक नसेल. '१९०२ नंतर' यातला 'नंतर' गाळून वाक्य पुढे नेता येत नाही, 'सु.' गाळता येतो. माझ्या मते याचं एवढंच कारण पुरेसं आहे.

उणीव माझ्या लेबलातही आहे. 'बहुधा कलकत्ता' हा शब्दही शेजारच्या प्लेटांकडून उसनाच घेतलेला आहे, फक्त उधारी मी लिहून ठेवली. दुकानाची एक पाटी वाचता आली तर तो 'बहुधा' जाईल, किंवा कलकत्ताच जाईल. म्हणून खाली कोपऱ्यात मी लेबल लिहिल्याची तारीखही टाकेन. पुढे कुणी ती पाटी वाचली, तर नक्की कुठली ओळ बदलायची हे त्यांना शोधत बसावं लागणार नाही.