नकाराचे पत्र आणि सुचविलेली नावे

शोधनियतकालिकाचे संपादक एखाद्या अभ्यासकाला हस्तलिखित तपासण्याचे निमंत्रण पाठवितात आणि तो अभ्यासक नकार देतो, तेव्हा जे चार ओळींचे पत्र लिहिले जाते त्याकडे आजवर कुणी समीक्षेच्या नजरेने पाहिलेले नाही. पाहण्यासारखे त्यात काय आहे, असेच सर्वांना वाटते. पण कोणत्या लेखनाला कोण न्याय देणार, याचा निर्णय पुष्कळदा याच पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात होतो. परीक्षणाचे अहवाल सगळे वाचतात, नकारपत्र एकटा संपादक वाचतो. म्हणून त्यात ढिलाई खपून जाते.

आपल्याकडच्या नकाराचे प्रकार तसे दोनच. पहिला मौनाचा. निमंत्रण येते, पडून राहते, उत्तर जात नाही. ज्येष्ठ मंडळींत हा प्रकार जास्त, कारण त्यांच्या मौनाचा जाब कोणी विचारीत नाही. समजा, संपादकाने उत्तरासाठी सात दिवस दिले, मग स्मरणपत्र पाठवून आणखी सात दिवस वाट पाहिली. म्हणजे एका मौनाचे चौदा दिवस. असे तीन जण ओळीने गप्प राहिले तर बेचाळीस दिवस गेले आणि हस्तलिखित अजून कोणी उघडलेलेही नाही. ते बेचाळीस दिवस संपादकाचे नसतात. बढतीची फाईल थांबलेल्या एखाद्या तालुक्याच्या गावातील प्राध्यापकाचे असतात.

दुसरा प्रकार अतिनम्रतेचा. ‘आपण माझ्यासारख्या सामान्य माणसाची आठवण केलीत, मी कृतज्ञ आहे, परंतु कार्यबाहुल्यामुळे...’ अशी दीड पानी पत्रे लिहिली जातात. आमच्या पिढीतले अनेक जण असेच लिहितात आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्याच्या घरात याआधी कुणी पदवीधर झाले नाही, त्याला विद्यापीठातून आलेले बोलावणे नाकारणे म्हणजे उपकार विसरणे वाटते. म्हणून तो एक तर क्षमा मागत बसतो, नाही तर नको असताना होकार देतो आणि हस्तलिखित चार महिने अडवून ठेवतो. दोन्हीचे मूळ एकच : निमंत्रण हा मान आहे ही समजूत. निमंत्रण हे काम आहे. काम झेपत नसेल तर ते वेळेत सांगणे, एवढाच त्यातला शिष्टाचार.

आता एक प्रसंग घेऊन बघू. प्रसंग मी रचलेला आहे. खरे नकारपत्र छापणे म्हणजे परीक्षणाधीन हस्तलिखिताची गोपनीयता मोडणे होईल. निबंध आहे बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’वर. हे आत्मकथन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले, १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले आणि माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला. मूळ बोलीचे अनुवादात काय होते, हा निबंधाचा विषय. निम्मा भाग वाङ्मयीन चर्चेचा आहे. उरलेल्या निम्म्यात फलटण परिसरातील बोलीच्या ध्वनिमुद्रणांचे उच्चारशास्त्रीय विश्लेषण आहे. निमंत्रणासोबत फक्त शीर्षक आणि सारांश आला आहे. लेखकाचे नाव नाही, कारण नियतकालिकाची पद्धत दुहेरी निनावी आहे : लेखकाला परीक्षक माहीत नाही, परीक्षकाला लेखक.

निमंत्रण गेले आहे मराठी साहित्य शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाकडे. सारांश वाचताच त्याला दोन गोष्टी कळतात. एक, ध्वनिविश्लेषण आपल्या आवाक्यातले नाही. दोन, याच निबंधाचा आधीचा खर्डा आपण एका चर्चासत्राच्या वेळी वाचला होता आणि लेखिकेला लेखी सूचनाही दिल्या होत्या.

यांतले पहिले कारण नकाराला पुरेसे नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. दोन विद्याशाखांवर उभा असलेला निबंध एकट्या परीक्षकाने पूर्णपणे तपासावा, अशी संपादकाचीही अपेक्षा नसते. ‘मी वाङ्मयीन भाग तपासतो, ध्वनिविश्लेषणासाठी दुसरा परीक्षक नेमा’ असे कळविले की काम चालते. दुसरे कारण मात्र खरे आहे. ज्या निबंधाला आपण घडविण्यात हातभार लावला, त्याचे मोजमाप आपणच केले तर आपण आपल्याच सूचनांना गुण देत बसतो. शिवाय निनावीपणही उरलेले नाही. म्हणून पत्र असे :

‘संपादक महोदय, आपले ३ तारखेचे निमंत्रण मिळाले. या निबंधाचा आधीचा खर्डा मी वाचला असून त्यावर लेखी सूचना दिल्या आहेत. लेखक कोण हेही त्यामुळे मला ठाऊक आहे. सबब हे परीक्षण मी करणे योग्य होणार नाही. निबंधाला दोन वेगळे परीक्षक लागतील असे सारांशावरून दिसते. खाली तीन नावे देत आहे. पहिल्या बाईंनी सातारा जिल्ह्यातील बोलींवर क्षेत्रकार्य केले आहे. माझा त्यांचा परिचय नाही, लेखनावरून नाव देत आहे. दुसऱ्यांचा विषय मराठीतून इंग्रजीत होणारे अनुवाद हा आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही एका पुस्तकाचे सहसंपादन केले होते. तिसरे गृहस्थ निवृत्त माध्यमिक शिक्षक असून दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर त्यांचे पुस्तक आहे. त्यांना संस्थेचा ई-मेल नाही, पुस्तकातील पत्ता सोबत देतो. यांपैकी कोणाशीही मी या संदर्भात बोललेलो नाही. आपला.’

या पत्रात कारण तीन वाक्यांत संपले, हे पाहण्यासारखे आहे. संपादकाला लेखिका कोण हे माहीतच असते, म्हणून ओळख सांगितल्याने काही फुटत नाही. निबंध चांगला की वाईट, याविषयी पत्रात एक शब्दही नाही. ‘सारांशावरून निबंध फारसा नवा वाटत नाही, तरी आपण पाहावे’ असे वाक्य जाता जाता टाकून देणारे काही जण असतात. हा नकार नव्हेच, ते न वाचता दिलेले परीक्षण आहे. संपादक माणूस आहे. ते वाक्य त्याच्या डोक्यात राहते आणि लेखकाला त्याचे उत्तर देण्याची संधी कधीच मिळत नाही. कारण वेळेचे असेल तर तेही नेमके सांगावे : परीक्षा १५ एप्रिलला संपतात, त्यानंतर तीन आठवड्यांत देऊ शकेन. थांबायचे की नाही, हे मग संपादक ठरवील. ‘कार्यबाहुल्य’ या शब्दातून त्याला काहीच ठरविता येत नाही.

खरा प्रश्न नावांचा. प्रकाशननीतीवर काम करणारी कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स ही संस्था आहे. परीक्षकांसाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचना २०१७ साली सुधारून निघाल्या. नकार देताना पर्यायी नावे सुचवावीत, पण ती तज्ज्ञतेवरून, वैयक्तिक संबंधांवरून नव्हे आणि निकाल अमुक बाजूला झुकावा या हेतूनेही नव्हे, असे त्यांत म्हटले आहे. लेखकाच्या संस्थेत काम करणारे, अलीकडच्या काळातले, म्हणजे उदाहरणार्थ तीन वर्षांतले, मार्गदर्शक, शिष्य आणि निकटचे सहकारी यांनी परीक्षण घेऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. नावे सुचविताना हीच चाळणी लावावी.

आपल्याकडे चाळणी लागते ती वेगळीच. दलित साहित्यावरचा निबंध आला की तीच चार-पाच नावे पुढे केली जातात. त्यातले दोघे विभागप्रमुख, एक माजी कुलगुरू. हे मोठे लोक उत्तर देत नाहीत आणि पुन्हा चौदा-चौदा दिवस जातात. किंवा मग निबंधाचा विषय न पाहताच लेखकाच्या आडनावाचा परीक्षक शोधला जातो. उच्चारशास्त्राचा निबंध केवळ दलित आत्मकथनाविषयी आहे म्हणून दलित कवीकडे जातो. तो कवी भला माणूस असतो, निबंधाला ‘वेदनेचा हुंकार’ म्हणून पसंती देतो, आणि ध्वनिमुद्रणे किती जणांची होती हे कोणी विचारीत नाही. अशा पसंतीने लेखिकेचे नुकसानच होते. तिच्या कामाची पारख झालेलीच नसते.

मग नाव शोधायचे कसे? ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विद्यापीठांचे प्रबंध आहेत. तेथे बोली, अनुवाद, आत्मकथन असे शब्द घालून पाहावे. प्रबंध सादर करून पाच-दहा वर्षे झालेला, त्यानंतर त्याच विषयावर तीन-चार लेख लिहिलेला अभ्यासक सापडला तर तो बहुधा होकार देतो, कारण त्याला विषयाची भूक असते. प्रबंधाचे पहिले पानही पाहून घ्यावे. मार्गदर्शक म्हणून तेथे निबंधलेखकाचे नाव असण्याचा संभव असेल, तर नाव देऊ नये. आपल्याच विद्यार्थ्याचे नाव द्यायचे झाल्यास तसे लिहून द्यावे.

ज्याचे नाव सुचवायचे त्याला आधी फोन करण्याचा मोह अनेकांना होतो. ‘तुझे नाव देऊ का?’ वरवर पाहता ही सभ्यता आहे. पण त्या एका फोनने हस्तलिखित कोठे आले आहे आणि कशावर आहे, हे बाहेर जाते. विचारण्याचे काम संपादकाचे.

पत्त्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, तो तसा नाही. २०१४ साली सेज या प्रकाशनसंस्थेने ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’मधील साठ लेख मागे घेतले. बनावट परीक्षकांची खाती उघडून परीक्षणे करून घेतली गेली होती. तेव्हापासून संपादक खाजगी ई-मेलकडे संशयाने पाहतात आणि त्यांचे चूक नाही. पण त्याचा फटका आमच्या क्षेत्राला विशेष बसतो. दलित साहित्याचे कितीतरी जाणकार विद्यापीठाबाहेर आहेत : शाळेत, बँकेत, टपालखात्यात, निवृत्त. त्यांच्याकडे संस्थेचा पत्ता नाही. म्हणून वरच्या पत्रातला प्राध्यापक पुस्तकात छापलेला पत्ता देतो. छापील पत्ता संपादकाला ताडून पाहता येतो. एवढे एक वाक्य जादा लिहिले नाही, तर तिसरे नाव यादीतून गळते आणि पुन्हा विद्यापीठातलीच दोन उरतात.

मर्यादाही सांगितली पाहिजे. मराठीत आपले क्षेत्र लहान आहे. कोणी कोणाच्या व्यासपीठावर बसलेला नाही, कोणाची प्रस्तावना कोणाच्या पुस्तकाला नाही, असा माणूस शोधायला गेलो तर विषय न कळणाराच हाती लागेल. म्हणून नाते नसलेलाच माणूस हवा असा हट्ट धरण्यापेक्षा नाते उघड सांगणे बरे. सहसंपादनाचे वाक्य त्या पत्रात त्यासाठीच आहे. पाच वर्षांचे अंतर पुरे की नाही, हे संपादकाने ठरवावे. तो तिन्ही नावे बाजूला ठेवून चौथे नेमू शकतो, आणि त्याबद्दल नकार देणाऱ्याने रुसण्याचे कारण नाही.

आता बहुतेक नियतकालिकांचे काम पोर्टलवर चालते. तेथे नकाराचे बटण दाबले की एक चौकट उघडते आणि पुष्कळजण ती रिकामी सोडून पुढे जातात. नावे त्याच चौकटीत लिहायची असतात. चौकट न उघडली तर संपादकाला वेगळा ई-मेल करावा, निमंत्रणाचा क्रमांक घालून, त्याच दिवशी.