बाटलीवरचं ‘नैसर्गिक’

वाळूज आणि चिकलठाण्यात बिअर बनते, पण संभाजीनगरच्या दुकानांत वाइन येते ती मुख्यतः नाशिककडून. अलीकडे तिच्यासोबत ‘नॅचरल’ हा शब्दही येऊ लागला आहे, आणि ग्राहक त्यातून हवे ते अर्थ काढतो: फवारणी नाही, रसायन नाही, डोकं दुखणार नाही.

या शब्दामागे सक्तीची व्याख्या जवळपास नाहीच. फ्रान्समध्ये २०२० साली ‘व्हॅं मेथोड नात्युर’ ही सनद आली, तीही ऐच्छिक. द्राक्ष प्रमाणित सेंद्रिय, तोडणी हातानं, आंबवणं द्राक्षावरच्याच यीस्टनं, बाहेरून काही घालायचं नाही. सल्फर डायऑक्साइड घातलाच तर लिटरला एकूण ३० मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे वचन मिळतं ते करणाऱ्याच्या हातांबद्दल, चवीबद्दल नाही. सेंद्रिय बागेतही केवड्यासाठी बोर्डो मिश्रणाची, भुरीसाठी गंधकाची फवारणी चालते. सल्फाइट शून्य नसतं, कारण यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. डोकेदुखीचं तर सोडाच, मद्यार्क तिथे आहेच.

आपल्याकडची खरी अडचण हवामानाची. इथे वाइनची द्राक्षं मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. ऊन वाढत गेलं की साखर चढते, आम्ल उतरतं, पीएच वर जातो. पीएच ३.४ असताना जितकं मुक्त सल्फर पुरतं, त्याच्या सुमारे अडीचपट ३.८ ला लागतं. सनद मात्र टार्टारिक आम्ल घालू देत नाही आणि सल्फरलाही हात आखडता घ्यायला लावते. त्यामुळे उष्ण प्रदेशात ही पद्धत करणाऱ्याला लवकर तोडणी आणि कमालीची स्वच्छता हेच दोन आधार उरतात. ते जमले नाहीत की दोष येतात, आणि दोषांना ‘स्वभाव’ म्हणण्याची पळवाट या प्रकारात फार सोपी आहे.

गढूळपणा हा दोष नव्हे, तो केवळ न गाळल्याचा परिणाम. ग्लास हलवल्यावर नेलपॉलिशचा झणका आला तर तो मात्र बॅक्टेरियाच्या आंबटपणाचा शेजारी. उकडलेल्या अंड्याचा वास वाइन भांड्यात ओतून हवा दिल्यावर बहुधा उडतो. खरा दगा देतो तो ‘माऊस’. हुंगताना काहीच कळत नाही, पहिला घोटही ठीक लागतो. मग गिळल्यावर काही सेकंदांनी जिभेच्या मागे उंदराच्या पिंजऱ्यासारखी, शिळ्या भातासारखी चव चढते. कारण हा दोष आणणारे रेणू आम्लात उडत नाहीत. लाळेनं पीएच वाढला की मोकळे होतात. म्हणूनच ग्लासात थोडीशी वाइन घेऊन चिमटीभर खायचा सोडा घातला की तो वास नाकालाही सापडतो. काहींना हा दोष जाणवतच नाही, तेव्हा टेबलावरच्या दोघांचं मत जुळलं नाही म्हणून भांडू नये. यावर बाटली उघडल्यावर इलाज नाही. हवा दिली तर उलट बळावतो.

सल्फर कमी असलेली वाइन उन्हाळ्यात कपाटावर ठेवणं म्हणजे तिला पुन्हा आंबू देणं. मे महिन्यात, चाळिशीच्या पाऱ्यात, मी तरी अशी बाटली शीतकपाटातूनच घेतो, आणि वातानुकूलन रात्री बंद होतं का, हे दुकानदाराला विचारतो.