रिमाइंडर पुसण्याआधी

दर महिन्याला रिमाइंडर तपासायचे आणि ज्यांच्याकडे आपण कायम दुर्लक्ष करतो ते पुसायचे, म्हणजे उरलेला वाजला की आपण खरंच उठतो. पद्धत चांगली आहे, पण तिची कसोटी मला अपुरी वाटते.

माझाच गेल्या महिन्याचा हिशेब पाहा. ‘पाणी पी’ ९० वेळा वाजला, मी ऐकलं दोनदा. पुसला, तहान लागतेच की! ‘डेटाचा बॅकअप’ चार रविवारी वाजला आणि चारही वेळा मी तो बाजूला सारला. नियमाप्रमाणे हाही जायला हवा. पण रविवारी मी होटगीला घरी असतो आणि डेटा असतो लॅबच्या कॉम्प्युटरवर. म्हणजे काम निरुपयोगी नव्हतं, वेळ चुकीची होती.

म्हणून पुसण्याआधी बघा: वाजला तेव्हा ते काम करणं शक्य होतं का? आणि राहिलं तर काय बिघडेल? रुळालगतची ‘सी/फा’ पाटी आठवा. फाटकावर कुणी नसलं तरी तिथे चालकाला शिट्टी द्यावीच लागते. (वर्षातून एकदाच वाजणारा फेलोशिपचा रिमाइंडर तर महिन्याच्या हिशेबात येतच नाही, त्याला हात लावू नका.)

बॅकअपचा रिमाइंडर मी सोमवारी सकाळी दहावर नेलाय. चारही सोमवार बुडाले, तर मात्र तो पुसेन आणि बॅकअप आपोआप होईल अशी सोय करेन.