गोंधळाचा संबळ, भारुडाचा मृदंग

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वस्ती मोठी. सातारा-सांगलीकडच्या या घरांत लग्नकार्यानंतर गोंधळ घातला जातो, त्यामुळे संबळ इथल्या कानांना परका नाही. परवा मात्र इथल्याच एका कार्यक्रमात एकनाथांचे भारूड संबळावर ऐकले. टाळ्या भरपूर पडल्या. शब्द निम्मे बुडाले.

संबळ हे आवाहनाचे वाद्य. कमरेशी बांधलेली लहान-मोठी जोडी काठ्यांनी वाजते. एका काठीचे टोक वाकडे असते. नायक तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी ठिकाणासह हाक घालतो आणि साथीदार तुणतुण्याच्या एका सुरावर ती उचलून धरतो. नावे श्रोत्यांना पाठच असतात. कडकडाटात एखादे निसटले तरी आवाहन अडत नाही.

भारुडात अडते. ‘विंचू चावला’मधला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा, हे कळले नाही तर उरते ती नुसती तडफड. म्हणून भारूडकार मध्येच थांबून निरूपण करतो. तेव्हा टाळकरी गप्प होतात, तळव्याने वाजणारा मृदंग खाली उतरतो आणि ध्रुपद आले की सगळे पुन्हा उसळतात. काठीच्या वाद्याला हे उतरणे अवघड जाते.

कोणी म्हणेल, नाथांनी ‘गोंधळ’ आणि ‘जोगवा’ही लिहिले, मग संबळ का नको? तिथे हवाच. पण सोंग उभे राहीपर्यंत. (हल्ली ध्वनिक्षेपकासमोर सोंगच तेवढे उभे राहते.) रूपकाचा अर्थ उलगडू लागला, की संबळवाल्याने काठ्या खाली ठेवाव्यात.