दांड्यापाशी अडलेली नळी

निऑनच्या पाट्यांवर मराठी अक्षर अवघडलेले दिसते, याचा दोष चित्रकाराला देण्याची रीत आहे. मला तो अन्याय वाटतो. मार्वेहून तरीने मनोरीला जाताना मी ‘मनोरी’ हाच शब्द एका रेषेत काढून पाहिला.

निऑनच्या नळीच्या दोन टोकांना दोन विद्युतअग्रे असतात आणि वीज त्यांच्यामधूनच वाहते. नळीला फाटा फोडला, तर वीज सोपी वाट धरते आणि दुसरी फांदी अंधारी राहते. म्हणून अक्षर अखंड एका रेषेचे हवे.

‘र’ तसा आहे. काना-मात्रा आणि वेलांटीही एका ओघात वळतात. अडते ते ‘म’ आणि ‘न’पाशी. त्यांची आडवी रेघ उभ्या दांड्याला मध्येच भिडते. तिथून नळी वर न्यायची, दुमडून मागच्या बाजूने खाली आणायची आणि दुमडलेला भाग काळ्या रंगाने झाकायचा. काच तापवून असे घट्ट वळण देताना नळी चेपते.

शिरोरेषा मात्र सरळ, वेगळ्या नळीची करता येते. म्हणून ती गाळणाऱ्या पाटीला मी आधुनिक म्हणणार नाही. खरी अडचण दांड्यात होती, कात्री मात्र शिरोरेषेवर चालली.