‘फक्त बदललेला भाग पाठवतात’ हे अर्धंच खरं

व्हिडिओ कॉम्प्रेशनबद्दल सोप्या भाषेत लिहिलेलं काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य भेटतंच: ‘दर काही सेकंदांनी एक पूर्ण चित्र म्हणजे कीफ्रेम पाठवतात, आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त बदललेला भाग.’ लक्षात राहायला हे वाक्य छान आहे. माझी तक्रार अशी की त्यातून निघणारं भाकीत चुकतं, आणि वेगवान दृश्य का फिसकटतं हे त्यातून कळतच नाही.

तपासून बघू. जेजुरीच्या गडावरचे दोन शॉट डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात दीपमाळा आणि दगडी पायऱ्यांवरून कॅमेरा संथपणे डावीकडून उजवीकडे फिरतोय. दुसऱ्यात कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलाय आणि समोर सोमवतीच्या यात्रेत भंडारा उधळला जातोय. पहिल्या शॉटमध्ये जवळपास प्रत्येक पिक्सेलची किंमत दर फ्रेमला बदलते, म्हणजे वरच्या वाक्याप्रमाणे दर वेळी जवळजवळ पूर्ण चित्रच पाठवायला हवं. प्रत्यक्षात हा शॉट फार थोड्या बिट्समध्ये निभावतो. मार खातो तो दुसरा, ज्यात कॅमेरा हललेलाही नाही.

म्हणून मी ते वाक्य असं बदलेन: मधल्या फ्रेममध्ये जातं ते, ज्याचा अंदाज बांधता आला नाही.

अंदाज कसा बांधतात? एच.२६४ हा २००३ साली आलेला आणि अजूनही सगळीकडे दिसणारा कोडेक घेऊ. तो चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे चौकोनी ब्लॉक पाडतो. प्रेडिक्टेड फ्रेममधल्या प्रत्येक ब्लॉकसाठी एन्कोडर आधीच्या फ्रेममध्ये शोध घेतो, की असाच तुकडा जवळपास कुठे होता का? सापडला तर पिक्सेल न पाठवता ‘सहा पिक्सेल डावीकडचा तुकडा उचल’ एवढा निरोप पाठवतो. याला मोशन व्हेक्टर म्हणतात. कॅमेरा पॅन होत असेल तर शेजारच्या सगळ्या ब्लॉक्सचा निरोप जवळपास सारखाच असतो, आणि ‘शेजाऱ्यासारखंच’ हे सांगायला अनेकदा एक बिटसुद्धा लागत नाही. (काही फ्रेम्स पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही फ्रेम्समधून अंदाज बांधतात. तत्त्व तेच, म्हणून त्या बाजूला ठेवतो.)

उचललेला तुकडा अगदी तंतोतंत जुळत नाही. अंदाज आणि खरं चित्र यांच्यात जी वजाबाकी उरते ती रेसिड्यूअल, म्हणजे अंदाजाची दुरुस्ती. हीच दुरुस्ती महाग असते.

किती महाग ते बघण्यासाठी हिशेब मांडू. 1080p व्हिडिओ, सेकंदाला २५ फ्रेम, आणि स्ट्रीमला मिळालेत सेकंदाला २० लाख बिट. एका फ्रेममध्ये ८,१६० ब्लॉक बसतात. दोन सेकंदांत ५० फ्रेम आणि खर्चायला ४० लाख बिट. त्यातली पहिली कीफ्रेम. तिला अंदाजाचा आधार नाही, तिने समजा १० लाख घेतले. उरलेले ३० लाख ४९ फ्रेम्समध्ये वाटले तर एका ब्लॉकच्या वाट्याला येतात साधारण साडेसात बिट. कॉम्प्रेशनआधी त्याच ब्लॉकमध्ये ३,०७२ बिट असतात.

पॅनच्या शॉटला साडेसात बिट पुरून उरतात. भंडाऱ्याचं तसं नाही. हवेतला पिवळा ढग एकसंध सरकत नाही. प्रत्येक कण वेगळ्या दिशेने जातो, पसरतो, मागचं चित्र झाकतो आणि पुन्हा उघडं करतो. आधीच्या फ्रेममध्ये ‘असाच तुकडा’ कुठे नसतोच. अंदाज फसतो, दुरुस्ती मोठी होते, आणि खिशात तेच साडेसात बिट.

मग एन्कोडर दुरुस्ती ठोकळमानाने लिहितो, आणि लिबलिबीत चित्र इथेच जन्माला येतं. दुरुस्तीचे आकडे आधी वारंवारितेत बदलतात, म्हणजे ढोबळ छटा वेगळी आणि बारीक पोत वेगळा. मग प्रत्येक आकड्याला एका ‘पायरी’ने भागून पूर्णांकात आणतात. बारीक पोताचा एखादा आकडा १८ आहे असं धरा. पायरी १० असेल तर १.८ चे २ होतात आणि डिकोडरला परत २० मिळतात. चालेल. बिट कमी पडले म्हणून पायरी ४० केली तर ०.४५ चा शून्य होतो. तो पोत गेलाच. ढोबळ छटेचे आकडे मोठे असतात म्हणून तगतात, बारीक तपशिलाचे मरतात. दुरुस्ती शून्य झाली की पडद्यावर उरतो तो नुसता अंदाज: आधीच्या फ्रेममधला, भलत्याच जागेवरून उचललेला तुकडा. त्यावर एच.२६४ ब्लॉकच्या कडा मऊ करणारा फिल्टर फिरवतो. जुन्या डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये हा फिल्टर नव्हता, म्हणून तिथे चौकोन ठळक दिसायचे. आता त्याच जागी सारवल्यासारखं दिसतं.

ही फिसकटलेली फ्रेमच पुढच्या फ्रेमच्या अंदाजाचा आधार बनते. त्यामुळे चित्र अनेकदा पुढच्या कीफ्रेमला टचकन स्वच्छ होतं आणि लगेच पुन्हा गढूळ होत जातं.

यावर कुणी म्हणेल, वेगात हललं की कॅमेऱ्यातही धूसर येतंच की. येतं, पण दोन्ही वेगळं ओळखता येतं. फ्रेम एकेक करून पुढे न्या. शटरमुळे आलेली धूसरता हालचालीच्या दिशेनेच ओढलेली असते, आणि वस्तू थांबली की त्याच क्षणी जाते. कॉम्प्रेशनची गढूळता वस्तू थांबल्यावरही काही फ्रेम रेंगाळते आणि टप्प्याटप्प्याने निवळते.

स्वतः बघायचं असेल तर कुठल्याही फाइलवर हे चालवा. प्रत्येक फ्रेमचा प्रकार आणि तिचे बाइट्स समोर येतील:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
  -show_entries frame=pict_type,pkt_size \
  -of csv=p=0 jejuri.mp4
```

`I` म्हणजे कीफ्रेम (काटेकोरपणे प्रत्येक `I` कीफ्रेम नसते, पण इथे चालेल), `P` आणि `B` अंदाजी. व्हिडिओ ठरावीक दर्जा राखून एन्कोड केला असेल तर भंडारा उधळताच `P` चे आकडे फुगून `I` च्या जवळ येतात. बिटरेट बांधलेला असेल तर ते फारसे फुगू शकत नाहीत, आणि मग दर्जा पडतो.

याच कारणाने प्लेअरमधल्या 1080p या पाटीवर माझा फारसा विश्वास नाही. ती पिक्सेल मोजते, बिट मोजत नाही. त्याच २० लाख बिट्समध्ये 720p लावलं तर फ्रेममध्ये ३,६०० ब्लॉक उरतात, म्हणजे प्रत्येकाचा वाटा दुपटीहून जास्त. संथ मुलाखतीला 1080p ठेवा. पालखी, लेझीम, कबड्डी असेल आणि नेट बेताचं असेल तर 720p बहुधा जास्त स्वच्छ दिसेल.

चित्रण करणाऱ्यांसाठी एक उलटी वाटणारी गोष्ट. भंडाऱ्याचा कण न् कण टिपावा म्हणून शटर १/१००० ला नेलं तर मूळ फाइल सुंदर येते, पण तिचा अंदाज बांधणं आणखी अवघड होतं. कारण आता प्रत्येक कणाला धारदार कड असते, आणि त्या बारीक तपशिलाचेच आकडे आधी शून्य होतात. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलं तर कण कॅमेऱ्यातच थोडे विरघळतात आणि एन्कोडरला टाकून द्यावं लागणारं कमी उरतं.