मालेगांवचा वेढा व घुणाक्षरन्याय

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस घुणाक्षरन्याय निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. कसर पानास लागते, आणि तिनें कोरलेल्या वाटेंत क्वचित् एखादें अक्षर उमटलेलें दिसतें. त्यावरून कसरीस लिपि येते असें कोणी म्हणत नाहीं. परंतु लढायांचे वृत्तांत लिहितांना मोठमोठे ग्रंथकार हाच प्रमाद करतात. किल्ला पडला कीं सेनापति शहाणा ठरतो. किल्ला राहिला कीं तोच सेनापति अविचारी ठरतो. सेनापतीच्या विचाराचें माप निकालावरून घेण्याची ही रीत किती फसवी आहे, हें १८१८ सालच्या मालेगांवच्या वेढ्यावरून दाखवावें असा आमचा हेतु आहे. मालेगांव आज नाशिक जिल्ह्यांत असलें, तरी त्या काळीं तें खानदेशांतच मोडत असे.

पेशवाई बुडाल्यावर खानदेशांतील कित्येक ठाणीं अरब शिबंदीच्या हातीं राहिलीं होतीं. नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं मोसम नदीच्या कांठीं बांधलेला मालेगांवचा भुईकोट त्यांपैकीं सर्वांत बळकट. त्यांत अरब सुमारें साडेतीनशें. लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल १५ मे १८१८ रोजीं किल्ल्यापुढें येऊन बसला. वेढ्याच्या आरंभींच, १८ मेच्या सुमारास, अरबांनीं बाहेर पडून छापा घातला, त्यांत त्याचा मुख्य इंजिनियर डेव्हिस पडला. २९ मे रोजीं त्यानें केलेला हल्ला फसला. पुढें कुमक आली, नव्या तोफा आल्या, आणि ११ जून रोजीं एक गोळा आंतील दारूखान्यावर पडून तटाचा भाग उडाला. १३ जून रोजीं किल्ला स्वाधीन झाला. एकंदर वेढ्यांत इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून दोनशेंवर माणसें खर्चीं पडलीं. वृत्तांताचा शेवट यशाचा असल्यामुळें मधला सर्व कारभारही यशाच्या रंगांत रंगला आहे. आम्ही तो एकेक दिवस वेगळा काढून पाहूं.

प्रथम २९ मेचा हल्ला. त्या पहांटे मॅक्डॉवेलास काय ठाऊक होतें? अनुभवी इंजिनियर हातचा गेला होता, दारूगोळा संपत आला होता, मृगाचा पाऊस दारांत उभा होता. तटास खिंडार पडलेलें बाहेरून दिसत होतें. परंतु खिंडाराच्या आंतल्या अंगास काय आहे, हें कोणीही पाहिलेलें नव्हतें. पारोळ्याच्या भुईकोटाचा खंदक ज्यांनीं पाहिला आहे, त्यांनीं एकदां त्याच्या बाहेरच्या कडेवर उभें राहून समोर पाहावें. तटाचा वरचा भाग स्वच्छ दिसतो, पण खोली व आंतील उतार दृष्टीस पडत नाहीं. मालेगांवास तर तटाआड तट होता. हल्ल्याच्या तोंडीं असलेला तरुण इंजिनियर नॅटिस खिंडाराच्या माथ्यावर चढला, मार्ग चालण्याजोगा नाहीं असें त्यानें तेथूनच कळविलें, आणि तो तेथेंच गोळ्यांनीं पडला. आंत सोडलेल्या शिड्या खालीं नाहींशा झाल्या. जी गोष्ट हल्ल्यापूर्वीं रात्रीं एखादा हेर पाठवून कळावयाची, ती एका अधिकाऱ्याच्या प्राणाच्या मोलानें कळली. पाऊस व दारूगोळ्याची निकड हीं कारणें खरीं आहेत. त्यांनीं उतावीळ समजते, पण तिचें समर्थन होत नाहीं. हाच हल्ला दैवयोगानें साधला असता, तरी निर्णय सदोषच राहिला असता. नाणें उलटें पाडून पाहण्याची ही कसोटी प्रत्येक प्रसंगास लावावी.

पण त्याच दिवशींच्या दोन गोष्टी मॅक्डॉवेलाच्या बाजूस जमा धरल्या पाहिजेत. वाट बंद आहे असें कळतांच त्यानें हट्टानें आणखी माणसें त्या खिंडारांत लोटलीं नाहींत. तुकडी परत बोलाविली. दुसरी गोष्ट, किल्ल्यावरील हल्ल्याबरोबरच त्यानें शहराच्या पेठेवर वेगळी तुकडी पाठविली होती, ती यशस्वी झाली. एक डाव फसला तरी दुसरा हातांत राहील अशी ती योजना होती. पेठ हातीं आल्यानें किल्ल्याभोंवतीं फास आवळणें शक्य झालें. फसलेल्या दिवसाच्या पोटांत हा चांगला निर्णय दडलेला आहे, आणि निकालाकडेच पाहणाऱ्यास तो दिसत नाहीं.

आतां ११ जूनचा स्फोट. हा उघड काकतालीय न्याय. कावळा बसण्यास व फळ पडण्यास गांठ पडली. तो गोळा चार हात इकडे वा तिकडे पडता, तर तट त्या दिवशीं उडाला नसता. म्हणून स्फोटाचें श्रेय सेनापतीस देतां येत नाहीं. तथापि येथें एक बारीक भेद केला पाहिजे. अमुक गोळा दारूखान्यावर पडणें हें दैव. परंतु कुमकेची वाट पाहून, मोठ्या तोफा आणून, लहानशा किल्ल्यावर गोळ्यांचा सतत मारा ठेवणें हा निर्णय. ज्या योजनेंत दैवाला अनेक वेळां दार ठोठावूं दिलें जातें, आणि दैव न आलें तरीही जी योजना वेढा पुढें चालवूं शकते, ती चांगली. स्फोट न होता तर किल्ला पडलाच नसता, असें आम्हांस वाटत नाहीं; कांहीं दिवस व कांहीं माणसें अधिक लागलीं असतीं, व पावसानें काम कठीण केलें असतें. उलट अरबांनींही माऱ्याच्या टप्प्यांत दारू सांठविली होती, तेव्हां त्यांचें दुर्दैव सर्वस्वीं आकाशांतून आलें असें नाहीं. परंतु २९ मे रोजीं त्यांनीं दाखविलेलें धैर्य व शिस्त त्या स्फोटानें खोटीं होत नाहींत.

शेवटचा प्रसंग कागदाचा आहे. त्याच सालच्या २७ फेब्रुवारी रोजीं थाळनेर घेतल्यावर इंग्रजांनीं शिबंदीची कत्तल करून किल्लेदारास फांशीं दिलें होतें. त्यामुळें अरबांनीं लेखी अभय मागावें हें स्वाभाविक होतें. मॅक्डॉवेलाच्या मनांत प्राणरक्षणापुरतें वचन होतें. पण मुनशीनें लिहिलेल्या मराठी कागदांत त्याहून उदार शब्द गेले, आणि कागद देतांना ते कोणी तपासले नाहींत. ही चूक अनर्थकारी ठरली असती. ती निभावली, कारण एल्फिन्स्टननें संदिग्ध शब्दांचा अर्थ अरबांच्या बाजूनें लावला. येथें शेवट गोड झाला तो वरच्या अधिकाऱ्याच्या नेकीनें; मॅक्डॉवेलाच्या हिशेबीं तो ढिलाईचाच रकाना राहतो.

एवंच, आमचा अभिप्राय असा: हल्ला अविचाराचा, माघार शहाणपणाची, पेठेची योजना उत्तम, कुमकेनंतरचा मारा योग्य, स्फोट दैवाचा, कौलाचा कागद निष्काळजीपणाचा. किल्ला पडला या एका वाक्यांत हे सहाही निवाडे बुडून जातात.

संग्राहकांस यांतून एक विनंती आहे. आपल्या दप्तरांत विजयाचीं पत्रें जपलीं जातात, व आदल्या रात्रीच्या चिठ्ठ्या, सामानाच्या यादी, हरकाऱ्यांच्या बातम्या रद्दींत जातात. निर्णयाच्या क्षणीं कोणास काय ठाऊक होतें, हें या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवरूनच कळतें. विजयाचें पत्र लिहिणारास शेवट माहीत असतो, आणि शेवट माहीत असलेला मनुष्य आरंभाचा साक्षी म्हणून कच्चा असतो. तेव्हां निकालापूर्वींच्या मितीचा एक चिटोरा हातीं लागला, तर तो निकालानंतरच्या दहा पत्रांहून अधिक जपून ठेवावा.